न लिहिलेला तिसरा आकडा

कागदी युद्धखेळांच्या अनेक जुन्या नकाशांवर प्रत्येक षट्कोनी घरात बारीक अक्षरांत चार आकडी क्रमांक छापलेला असतो. 0714 म्हणजे सातवा रकाना आणि त्यातलं चौदावं घर. अ‍ॅव्हलॉन हिल या अमेरिकन कंपनीने १९५८मध्ये ‘गेटिसबर्ग’ हा खेळ चौकोनी घरांवर काढला होता. १९६१च्या आवृत्तीत तिने चौकोन बाजूला ठेवून षट्कोन आणले, आणि पुढे कागदी युद्धखेळांत षट्कोनांची रीतच पडली. संगणकावरच्या ‘सिव्हिलायझेशन’ या खेळमालिकेत हा बदल बराच उशिरा झाला. तिच्या पहिल्या चार मुख्य आवृत्त्या चौकोनांवर चालल्या, षट्कोन आले ते २०१०च्या पाचव्या आवृत्तीत.

चौकोन सोडण्यामागचं कारण साधं आहे. चौकोनी पटावर तिरकं जायला परवानगी दिली, तर तिरक्या एका पावलात सरळ पावलाच्या १.४१ पट अंतर कापलं जातं. म्हणजे ईशान्येकडे निघालेली तुकडी पूर्वेकडे निघालेल्या तुकडीपेक्षा विनाकारण वेगवान ठरते. षट्कोनात प्रत्येक घराला सहा शेजारी, सहाही कडेला कड लावून बसलेले, आणि सहाही मध्यांची अंतरं अगदी सारखी. फरक इथेही पूर्ण जात नाही. दोन दिशांच्या बरोबर मधून जायचं असेल, तर दोन पावलांत १.७३ पावलांइतकंच सरळ अंतर कापलं जातं. पण ही तूट जास्तीत जास्त साडेतेरा टक्क्यांची आहे, आणि खेळताना ती डोळ्यांना खुपत नाही.

मी जो खेळ बनवते आहे त्यात घाटवाटा आहेत, खोरी आहेत, तोफा आहेत आणि एकाहून जास्त घरं व्यापणारे गड आहेत. तोफ वळवायची असते, गड वेगवेगळ्या तोंडांनी बसवायचे असतात. हे सगळं करताना माझं एक मत पक्कं झालं. षट्कोनी पटाचं जवळजवळ सगळं गणित घराला नाव कसं देता यावर ठरतं. नाव बरोबर पडलं, तर शेजारी, अंतर आणि वळणं या तिन्ही गोष्टी एकेका ओळीत बसतात. चुकीचं पडलं, तर तिन्हींत अपवाद शिरतात आणि ते शेवटपर्यंत निघत नाहीत.

रकाना आणि ओळ हे नाव सगळ्यांना आधी सुचतं. नकाशा आयताकृती, संगणकातला अ‍ॅरेही आयताकृती, म्हणून ते साहजिकच आहे. पण षट्कोन बसवायचे तर एकाआड एक ओळ अर्ध्या घराने सरकवावी लागते. टोक वर असलेले षट्कोन घेऊ, ओळी वरून खाली मोजू, आणि विषम क्रमांकाच्या ओळी अर्धं घर उजवीकडे सरकवू. आता रकाना ४, ओळ ४ या घरातून ईशान्येकडे सरळ तीन पावलं टाका. वाटेतली घरं येतात (4, 3), (5, 2), (5, 1). तीच चाल (4, 5) मधून केली तर येतात (5, 4), (5, 3), (6, 2). पटावर दोन्ही तुकड्या एकाच दिशेने, एकाच अंतरावर गेल्या. वजाबाकी केली तर पहिलीचा फरक (1, -3) येतो आणि दुसरीचा (2, -3).

सगळ्या त्रासाचं मूळ इथे आहे. ज्या पद्धतीत दोन घरांच्या वजाबाकीला एक ठरलेला अर्थ नाही, त्यात ‘इथून तिथवरचं अंतर’ किंवा ‘हा आकार थोडा वळवून’ असं काही बोलताच येत नाही. प्रत्येक वेळी आधी विचारावं लागतं, ओळ सम की विषम? शिवाय नकाशाला ऋण क्रमांकाच्या ओळी असतील तर तो प्रश्नही फसवतो. जावास्क्रिप्ट किंवा सी++मध्ये -1 % 2 चं उत्तर -1 येतं, पायथॉनमध्ये 1. ‘बाकी 1 आहे का’ असं तपासणारा कोड पहिल्या दोन भाषांत ऋण विषम ओळींना सम समजतो, आणि नकाशाच्या वरच्या अर्ध्या भागात तुकड्या भलत्याच घरात उतरतात.

घराला नाव देण्याची दुसरी पद्धत म्हणजे अ‍ॅक्सियल. ती ओळीचं सरकणं लपवत नाही, तिरका अक्ष म्हणून सरळ मान्य करते. q हा अक्ष पूर्वेकडे वाढतो आणि r आग्नेयेकडे. दोन्ही अक्षांमधला कोन ६० अंशांचा. काटकोन नाही, पण षट्कोनांना काटकोन हवा आहे तरी कुठे? पूर्वेला एक पाऊल म्हणजे (1, 0), आग्नेयेला एक पाऊल म्हणजे (0, 1), आणि ही पावलं पटाच्या कुठल्याही घरातून तीच राहतात. ईशान्येला तीन पावलं म्हणजे नेहमीच (3, -3). सम-विषम हा प्रश्न उरतच नाही. सहा शेजारी पूर्वेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने असे येतात:

```python
DIRS = [(1, 0), (0, 1), (-1, 1),
        (-1, 0), (0, -1), (1, -1)]
```

या यादीत (1, 1) आणि (-1, -1) नाहीत हे नीट पाहून ठेवावं. (1, 1) म्हणजे एक पाऊल पूर्वेला आणि एक आग्नेयेला, म्हणजे दोन घरं पलीकडे. काही जण अक्षांमधला कोन १२० अंशांचा धरतात. त्यांच्याकडे नेमकं उलट होतं, (1, 1) शेजारी ठरतो आणि (1, -1) ठरत नाही. दोन्ही पद्धती बरोबरच आहेत, पण एकीची शेजाऱ्यांची यादी आणि दुसरीचं अंतराचं सूत्र एकत्र आलं की खेळ बिघडतो, आणि तोही सहांपैकी फक्त दोन दिशांना. चार दिशांना सगळं सुरळीत चालत असल्यामुळे हा दोष बराच काळ दिसत नाही. म्हणून यादी आणि सूत्र एकाच ठिकाणाहून घ्यावं, आणि सहाही शेजाऱ्यांचं अंतर 1 येतं का ही तपासणी कोडमध्ये कायमची ठेवून द्यावी.

अंतराकडे वळताना लेखाच्या नावातला तिसरा आकडा लागतो. षट्कोनी पटाला खरं तर तीन अक्ष आहेत, कारण घरांच्या रांगा तीन दिशांना जातात. तिसऱ्या आकड्याला s म्हणू आणि तो असा ठरवू की q + r + s नेहमी शून्य होईल. म्हणजे s = -q - r. दोन आकड्यांवरून तो केव्हाही काढता येतो, म्हणून अ‍ॅक्सियलमध्ये तो लिहून ठेवत नाहीत. पण तो असतो, आणि सगळी सममिती त्याच्यामुळेच आहे. शेजाऱ्यांची यादी तिन्ही आकड्यांनिशी लिहिली, तर पूर्व होते (1, 0, -1), आग्नेय (0, 1, -1), नैर्ऋत्य (-1, 1, 0). प्रत्येक पावलात एक आकडा एकाने वाढतो, एक एकाने घटतो आणि एक तसाच राहतो.

अंतर यातूनच निघतं. दोन घरांमधला फरक समजा (3, -2, -1) आहे. एका पावलात कुठलाही आकडा एकाहून जास्त बदलत नाही, म्हणून 3 चा शून्य करायला निदान तीन पावलं लागणारच. आणि तीन पुरतात का? तिघांची बेरीज शून्य असल्यामुळे सगळ्यांत मोठा आकडा एका चिन्हाचा असेल, तर उरलेले दोन विरुद्ध चिन्हाचे किंवा शून्य असतात. म्हणजे प्रत्येक पावलात मोठा आकडा एकाने कमी करताना उरलेल्यांपैकी एकही शून्याच्या दिशेने एकाने सरकतो. मोठा संपतो त्याच क्षणी तेही संपतात. एकही पाऊल वाया जात नाही. म्हणून अंतर म्हणजे तिघांतल्या सगळ्यांत मोठ्या आकड्याची चिन्ह सोडून किंमत:

```python
def distance(a, b):
    dq, dr = a[0] - b[0], a[1] - b[1]
    return max(abs(dq), abs(dr), abs(dq + dr))
```

(4, 3) वर तोफ आहे असं धरू. (7, 1) पर्यंतचा फरक (3, -2, -1), अंतर 3. (6, 5) पर्यंतचा फरक (2, 2, -4), अंतर 4. सोपं म्हणून कुणी |dq| + |dr| घेतलं, तर दुसऱ्या घराचं उत्तर बरोबर येतं, पण पहिल्याचं 5 येतं. कुणी दोघांतला मोठा घेतला तर पहिलं बरोबर येतं आणि दुसऱ्याचं 2 येतं. बेरजेचं चुकीचं सूत्र एक तृतीयांश पटावर अचूक चालतं, मोठा घेण्याचं दोन तृतीयांश पटावर. q आणि r चे फरक एकाच चिन्हाचे असतील तर बेरीज खरी, वेगळ्या चिन्हांचे असतील तर मोठा खरा. s विसरलं की असं होतं.

हे ओळखायला एक तपासणी मला फार आवडते. एक घर धरून त्याच्यापासून 3 किंवा कमी अंतरावरची सगळी घरं रंगवायची. ज्यांनी दारात ठिपक्यांची रांगोळी काढली आहे त्यांना ‘७ ते ४’ लगेच आठवेल: मधल्या ओळीत सात ठिपके, मग दोन्ही बाजूंना सरकवून सहा, पाच आणि शेवटी चार. रंगलेला आकार नेमका तोच असला पाहिजे. सात आणि दोन्हीकडचे पंधरा-पंधरा मिळून ३७ घरं. ‘१५ ते ८’ रांगोळीचे १६९ ठिपके म्हणजे 7 अंतरापर्यंतची घरं. सर्वसाधारण सूत्र 3n(n + 1) + 1. बेरजेचं चुकीचं सूत्र वापरलं तर ३७ऐवजी २५ घरं रंगतात आणि आकार दोन बाजूंनी चेपल्यासारखा दिसतो. मोठा घेण्याचं चुकीचं सूत्र ४९ घरांचा कललेला चौकोन काढतं. आकडा मोजायचीही गरज पडत नाही, नजरेला आकार खटकतो.

हे अंतर मोकळ्या मैदानातलं आहे, ही त्याची मर्यादा. तोफेचा पल्ला मोजायला ते पुरतं, तुकडीची वाट काढायला नाही. वाट शोधताना ते फक्त खालचा अंदाज म्हणून वापरायचं, आणि तो अंदाज खऱ्या खर्चापेक्षा कधीही जास्त होता कामा नये. मैदानाच्या घराला 1, घाटाच्या घराला 3 असा खर्च असेल तोवर ठीक. पण बांधलेल्या रस्त्याला 0.5 खर्च दिला, की अंतराला 0.5 ने गुणूनच तो अंदाज द्यावा लागतो. नाही गुणलं तर तुकड्या शेजारचा रस्ता सोडून शेतातून सरळ चालू लागतात. खेळणाऱ्याला त्या हट्टी वाटतात, प्रत्यक्षात अंदाज चढा असतो.

आता वळणं. या पद्धतीवर माझा खरा जीव जडला तो इथे.

एखादा आकार ६० अंशांत फिरवायचा, तर शाळेतल्या भूमितीने साइन आणि कोसाइन लागतात. ६० अंशांचं साइन ०.८६६०२५… असं न संपणारं. पडद्यावरच्या बिंदूंत फिरवून परत घरांत रूपांतर केलं तर प्रत्येक वेळी आकडे जवळच्या पूर्णांकावर आणावे लागतात, आणि कडेजवळचा बिंदू कधीतरी शेजारच्या घरात पडतो. अ‍ॅक्सियलमध्ये हे सगळं पूर्णांकांतच होतं. कसं ते पाहण्यासाठी एकच गोष्ट लक्षात घ्यायची: षट्कोनात प्रत्येक दिशा ही तिच्या दोन्ही बाजूंच्या दिशांची बेरीज असते. पूर्वेला एक पाऊल आणि नैर्ऋत्येला एक पाऊल टाकलं की आग्नेयेचं शेजारी घर येतं. म्हणून नैर्ऋत्य म्हणजे आग्नेय वजा पूर्व.

आता (q, r) म्हणजे पूर्वेला q पावलं आणि आग्नेयेला r पावलं. सगळं घड्याळाच्या दिशेने एक टप्पा फिरवलं, तर पूर्वेची q पावलं आग्नेयेची होतात आणि आग्नेयेची r पावलं नैर्ऋत्येची. नैर्ऋत्येच्या जागी ‘आग्नेय वजा पूर्व’ घाला. पूर्वेच्या वाट्याला येतात उणे r, आग्नेयेच्या वाट्याला q + r. संपलं.

```python
def rotate(q, r):
    return -r, q + r
```

तीन आकड्यांनी पाहिलं तर हे आणखी सुंदर दिसतं. (q, r, s) चं होतं (-r, -s, -q). आकडे एक जागा सरकतात आणि चिन्हं उलटतात. दोनदा फिरवलं की चिन्हं परत मूळची होतात आणि फक्त जागा बदललेल्या उरतात, म्हणजे १२० अंश. तीनदा फिरवलं की आकडे आपापल्या जागी येतात आणि फक्त चिन्हं उलटी, म्हणजे बरोबर समोर. सहा वेळा फिरवलं की जिथल्या तिथे, एका अंशाचाही फरक नाही. गोटहोल्ड आयझेनस्टाइन हा जर्मन गणिती १८५२मध्ये वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी गेला. त्याच्या नावाने ओळखले जाणारे पूर्णांक नेमके याच षट्कोनी मांडणीत बसतात, आणि तिथे ६० अंश वळणं म्हणजे एका ठरावीक संख्येने गुणणं. तोफ वळवताना आपण नकळत तोच गुणाकार करत असतो.

एक तोफ शेवटपर्यंत वळवून पाहू. पूर्वेकडे तोंड असताना तिचा मारा समोरच्या एका घरावर आणि त्यामागच्या तीन घरांवर पंख्यासारखा पसरतो. तोफेपासूनचे फरक असे: (1, 0), (2, -1), (2, 0), (1, 1). तोंड आग्नेयेला केलं की प्रत्येक जोडी सूत्रातून जाते आणि मिळतात (0, 1), (1, 1), (0, 2), (-1, 2). तोफ (4, 3) वर असेल तर मारा बसतो (4, 4), (5, 4), (4, 5) आणि (3, 5) या घरांवर. पंख्याचे सहा आकार वेगवेगळे लिहून ठेवायची गरज नाही. पूर्वेचा एक लिहायचा आणि तोंडाचा क्रमांक 0 ते 5 असेल तितक्या वेळा फिरवायचा. DIRS यादीचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे की प्रत्येक दिशा फिरवली की यादीतली पुढची मिळते. हेही कोडमध्ये तपासून घ्यावं, कारण यादी कुणी वेगळ्या क्रमाने लिहिली तर तोफेचं चित्र एकीकडे आणि गोळा दुसरीकडे जातो.

इथे होणाऱ्या चुकांची लक्षणं इतकी ठळक असतात, की लक्षणावरून चूक थेट सांगता येते. सगळा मारा तोफेच्याच आडव्या ओळीत चिकटला असेल, तर कुणीतरी आधी q = -r लिहून मग r = q + r लिहिलं आहे. दुसऱ्या ओळीत नवा q वापरला जातो आणि r कायम शून्य येतो. वळवल्यावर मारा नकाशाच्या भलत्याच कोपऱ्यात उमटत असेल, तर फरकाऐवजी घराचा पत्ताच फिरवला गेला आहे, आणि सगळं नकाशाच्या मूळ घराभोवती फिरलं आहे. ही चूक तोफ (0, 0) वर ठेवून केलेल्या चाचणीत कधीच सापडत नाही, म्हणून चाचणीची तोफ नेहमी आडबाजूच्या घरात ठेवावी. आणि तोफ उलटी वळत असेल, तर त्या इंजिनात y वरच्या दिशेने वाढतो. सूत्र चुकलेलं नसतं, नकाशा आरशात दिसतो आहे. तिथे दुसऱ्या दिशेचं सूत्र घ्यायचं, (q + r, -q).

घरांचा पत्ता अ‍ॅक्सियलमध्ये ठेवला म्हणजे आयताकृती नकाशा सोडावा लागतो असं नाही. साठवताना आणि खेळणाऱ्याला दाखवताना रकाना आणि ओळ खुशाल वापरावेत. वर घेतलेल्या सरकवणीसाठी q = col - (row - (row & 1)) // 2 आणि r = row एवढं रूपांतर पुरतं. & 1 ऋण ओळींनाही बरोबर उत्तर देतो. मात्र हिशेबाच्या आत, म्हणजे चाल, पल्ला, वळण यांत, रकाना येऊ देऊ नये.

एका घराभोवती फिरणं इतकं सरळ झाल्यावर मी तीन घरांच्या गडाकडे आले, आणि तिथे पटाने स्वतःचा एक नियम दाखवला. (0, 0), (1, 0), (0, 1) ही तीन घरं एका कोपऱ्याला भेटतात. गड त्या कोपऱ्याभोवती फिरवायचा. तो कोपरा म्हणजे (1/3, 1/3) हा बिंदू, कुठलंही घर नाही. त्याच्याभोवती १२० अंश फिरवण्याचं सूत्र (q, r) पासून (1 - q - r, q). करून पाहा: (0, 0) जातं (1, 0) वर, (1, 0) जातं (0, 1) वर, (0, 1) परत (0, 0) वर. अपूर्णांक आले आणि गेले, उत्तर पूर्णांकच राहिलं. पण ६० अंश फिरवू पाहिलं तर ते जमत नाही. प्रत्येक घराचा मध्य एखाद्या कडेच्या दिशेला जातो आणि बरोबर त्या कडेच्या दुसऱ्या टोकावर, म्हणजे आणखी एका कोपऱ्यावर, पडतो. तिथे घरच नसतं.

म्हणून माझ्या खेळात असा गड दोनच आकारांत उभा राहतो, वर दोन घरं आणि खाली एक, किंवा वर एक आणि खाली दोन. एका आकारातून दुसऱ्यात न्यायचा तर त्याच्याच एखाद्या घराभोवती ६० अंश फिरवायचा: (0, 0) जागेवर राहतं, (1, 0) चं (0, 1) होतं आणि (0, 1) चं (-1, 1). १२० अंशांचं कोपऱ्याभोवतीचं वळण आकार बदलत नाही, पण तेही उपयोगी आहे. गडाचा दरवाजा तीन घरांपैकी एकातच असतो, आणि या वळणाने तो पुढच्या घरात जातो. दोन आकार आणि प्रत्येकात दरवाज्याच्या तीन जागा, असे सहा गड. खेळणाऱ्याला गड बसवताना एकच बटण दिलं आहे. तीनदा दाबलं की दरवाजा फिरून येतो, चौथ्यांदा दाबलं की गड पालथा होतो.